सुमैरा मॅडमचे दोन प्रश्न

आधीच सांगून टाकते, सुमैरा मॅडमवर मी आठ दिवस रुसले होते. साधंसुधं नाही, वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. त्यामुळे आता मी त्यांचं कौतुक करायला लागले की आमचे हे म्हणतात, "बघा, रुसूबाई बोलायला लागल्या!" म्हणू देत.

मी विजयमाला. राहणार कसबे डिग्रज, वय सेहेचाळीस. बारावी झाली आणि दोन महिन्यांत लग्न. आमचे हे, आकाराम, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऊस बघतात. पोरगा शिवतेजही फौजेत, तिकडं वर. पोराचं लग्न झालं, घरात सून आली, आणि मी जाहीर केलं की मी आता बीए करणार. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुठलं युद्ध सुरू करतीयास?" पण आडवं आले नाहीत. विश्रामबागच्या एका कॉलेजात मी प्रवेश घेतला आणि पोराहून लहान पोरापोरींबरोबर पहिल्या बाकावर बसायला लागले. सगळा वर्ग मला काकू म्हणतो. मॅडमसुद्धा काकूच म्हणतात, फक्त 'तुम्ही' लावून.

सुमैरा बागवान या आमच्या समाजशास्त्राच्या मॅडम. चौतिशीच्या, अंगानं बारीक, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत. माहेर उंब्रजचं. वडील मौलाचाचा, हायवेच्या स्टँडवर फळांचा गाडा लावायचे. त्या गाड्यावर बसून या बाईनं शाळेचा अभ्यास केला, कराडला बीए केलं, कोल्हापूरला एमए केलं, आणि प्राध्यापकीसाठी लागणारी सेटची परीक्षा तिसऱ्या वेळेला पास केली. "पहिल्या दोन वेळा का गेली?" असं मी एकदा विचारलं. तोंड आवरत नाही माझं. त्या हसल्या. "एकदा लग्न होतं काकू, एकदा बाळंतपण." नवरा वाजिद, सांगलीत केळी पिकवायची वखार चालवतो. सासूबाई नातवाला सांभाळतात.

आणि आठ वर्षं झाली, मॅडम आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे काय, तर जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला पुन्हा पहिल्यापासून मुलाखत. आठ वर्षं शिकवलेल्या बाईला दर वर्षी विचारायचं, तुम्हाला शिकवता येतं का! मला हे कळलं तेव्हा माझंच डोकं फिरलं. त्या मात्र शांत. "चालतंय काकू," म्हणाल्या.

तर गोष्ट अशी झाली.

पहिल्या सत्रात आम्हाला दोन सिद्धांत होते. प्रकार्यवाद आणि संघर्ष सिद्धांत. पुस्तकातली भाषा अशी की वाचता वाचता जांभई यावी. पोरं म्हणाली, मॅडम, थोडक्यात द्या. मॅडमना दया आली. त्यांनी एका पानावर दोन्ही सिद्धांत मांडले. डाव्या बाजूला प्रकार्यवाद: समाजाचे भाग एकमेकांवर अवलंबून असतात, प्रत्येक भाग काहीतरी काम करतो, त्यातून सगळं टिकून राहतं. खाली उदाहरण, कुटुंब. उजव्या बाजूला संघर्ष सिद्धांत: साधनं आणि सत्ता सगळ्यांकडे सारखी नसते, ज्यांच्या हातात ती असते त्यांच्या सोयीनं व्यवस्था बनते. खाली उदाहरण, साखर कारखाना. पान इतकं सुटसुटीत होतं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडल्या पडल्या पुस्तकं कपाटात गेली. माझंही गेलं, खोटं कशाला बोलू?

परीक्षेत प्रश्न आला: संघर्ष दृष्टिकोनातून कुटुंबाचे विश्लेषण करा.

आता आमच्या पानावर तर कुटुंब डावीकडं! बेचाळीसपैकी अडतीस जणांनी लिहिलं की संघर्ष सिद्धांत कुटुंबाला लागू होत नाही, तो कारखान्याला लागू होतो. मी तर त्याच्यापुढं एक ओळ स्वतःची घातली. 'आमच्या घरी आजवर आवाज चढलेला नाही, त्यामुळे संघर्षाचा प्रश्नच येत नाही.' पेपर देऊन बाहेर आले ती छाती फुगवून.

निकाल लागला आणि छाती जागेवर आली. समाजशास्त्राचा निकाल कॉलेजात सगळ्यात खाली. विभागप्रमुख वीरधवल सर तसे वाईट नाहीत, पण निकालाच्या बाबतीत एकदम कडक. व्हरांड्यात सगळ्यांदेखत मॅडमना म्हणाले, "हे पान तुमचंच ना? जूनच्या मुलाखतीत मी हे समितीपुढं ठेवणार. मला ठेवावंच लागेल." मॅडमचा चेहरा उतरला. आठ वर्षांचं काम एका पानावर येऊन थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या आणि टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "चूक तुमची नाही, माझी आहे," म्हणाल्या. "मी एका सिद्धांताला घर दिलं आणि दुसऱ्याला कारखाना. तुम्ही समजलात की घराचा सिद्धांत वेगळा, कारखान्याचा वेगळा. तसं नसतं. हे दोन प्रश्न आहेत. दोन्ही प्रश्न घराला विचारायचे, दोन्ही कारखान्याला विचारायचे."

मग त्यांनी फळ्यावर कारखाना घेतला. पहिला प्रश्न, हे सगळं मिळून चालतं कसं? पोरं भराभर सांगायला लागली. तोडणारे, ओढणारे, वजनकाट्यावरचे, गाळणारे, एक जण थांबला की सगळे थांबतात. मॅडमनी विचारलं, "दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर का देतात?" एक पोरगी म्हणाली, सणाला तोंड गोड व्हावं म्हणून. "हे झालं उघड प्रकार्य. आणि न बोललेलं?" मागून आवाज आला, "सभासद पुढच्या निवडणुकीला आपला राहतो, मॅडम!" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "याला सुप्त प्रकार्य म्हणतात. उत्तरात लिहा, फक्त कारखान्याचं नाव घालू नका."

मग दुसरा प्रश्न. ठरवतं कोण? फायदा कुणाला जास्त, भार कुणावर जास्त? तोड कुणाच्या शेतात आधी येते? उन्हात उभं राहून कोण तोडतं, आणि भाव ठरवणाऱ्या बैठकीत त्यांच्यातलं कोण बसतं? आता वर्ग हसला नाही. तोच कारखाना, तीच माणसं, पण चित्र पार बदललं.

"आता घर घेऊ," मॅडम म्हणाल्या. "कुणाचं घेऊ?"

माझा हात वर. नसता आगाऊपणा, दुसरं काय!

पहिल्या प्रश्नाला मी असं उत्तर दिलं म्हणून सांगू! हे ऊस बघतात, पोरगा पैसे पाठवतो, सून संयोगिता घर, जनावरं आणि स्वयंपाक बघते, मी कॉलेज शिकते. मी शिकले की गावातल्या बायका मला विचारायला येतात, घराची मान वर होते. सगळं एकमेकांत बसलेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता दुसरा. सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं, काकू?"

"संयोगिता."

"शेवटी कोण जेवतं?"

"संयोगिताच. तिला सवय हाय."

"तुम्ही शिकायचं हे कुणी ठरवलं?"

"मीच की."

"संयोगिताचं शिक्षण किती?"

"बीएस्सीचं दुसरं वर्ष झालंय. मग लग्न झालं."

"मग ते थांबवायचं कुणी ठरवलं?"

खरं सांगायचं तर ठरवलं असं कुणी नव्हतंच. सून आली, मी कॉलेजला निघाले, कुणीतरी घरात पाहिजे होतं. मी म्हटलं, "पन म्याडम, आमच्यात भांडण न्हाई. एक दिस तिनं तोंड वाकडं केलं न्हाई."

"म्हणूनच विचारते," मॅडम म्हणाल्या. "संघर्ष सिद्धांत म्हणजे भांडणं मोजणं नव्हे. वाटणी असमान असूनही भांडण होत नाही, सगळ्यांना ती बरोबरच वाटते, तिथं तर तो जास्त बारकाईनं बघतो."

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती आणि मी त्यांच्यासमोर खाष्ट सासू ठरले होते. मी! जिनं सुनेला एक वाकडा शब्द ऐकवला नाही ती! तास संपताच पिशवी उचलली आणि थेट एसटी गाठली. मनात म्हटलं, गेलं उडत ते बीए.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं, बाजू घेतील. कशाचं काय! फिदीफिदी हसले. "अगं, बराकीत आमी मुकाट ड्युटी करायचो, ती मर्जीनं व्हय? ड्युटी लावणारा सुभेदार बसलेला असायचा. हितं सुभेदार तू हायस."

चार दिवस मी घरात बसले आणि बघत राहिले. कॉलेज नव्हतं ना, मग दुसरं काय करणार? संयोगिता पाचला उठायची. धारा, चहा, भाकरी, झाडलोट, पुन्हा भाकरी. मी तिथं बसलेली असूनही ती माझा डबा भरायला घ्यायची आणि मग आठवून बाजूला ठेवायची. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिला विचारलं, "संयोगिता, तुला शिकायचं हुतं का गं?"

तिनं हात धुतले, फोन काढला आणि मला दाखवला. मुक्त विद्यापीठाचा प्रवेश अर्ज. गेल्या जुलैत भरायला घेतलेला, अर्धा भरलेला.

"मग सोडलास कशापायी?"

"तवाच तुमचा बी अर्ज चालला हुता, आत्या. दोघी गेलो तर घर कसं चालायचं?"

"मला सांगायचं हुतंस की."

"तुमी कवा विचारलंच न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधं. त्या साधेपणानंच मला रडू फुटलं. मग तीच माझी समजूत घालायला लागली. "घर झकास चालतंय, आत्या, ह्ये बी खरंच हाय. खोटं न्हाई त्ये."

नवव्या दिवशी मी वर्गात गेले. मॅडम माझ्याआधीच येऊन बसल्या होत्या. उठून जवळ आल्या. "काकू, माफ करा. तुमचं घर फळ्यावर घेण्याआधी मी तुम्हाला एकटीला विचारायला पाहिजे होतं. शिकवण्याच्या भरात राहून गेलं."

"माफी कसली," मी म्हटलं. "पर आता तुमचं घर घ्या फळ्यावर. फिट्टंफाट!"

आणि घेतलं की त्यांनी! वखार, वाजिदभाई, सासूबाई, सगळं. "मी इथं उभी आहे कारण सासूबाई गुडघे दुखत असताना माझ्या पोरामागं धावतात," म्हणाल्या. "पहिल्या प्रश्नाला हे सुंदर सहकार्य आहे. दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं की मला घरी गेल्यावर त्यांचे गुडघे चेपावे लागतील." शेवटी त्यांनी सांगितलं की दोन्ही प्रश्नांना मर्यादा आहेत. पहिला प्रश्न, चाललंय ना मग बरंच आहे, असं म्हणायला लावतो आणि बदल कुठून येतो हे त्याला नीट सांगता येत नाही. दुसरा सगळीकडं सत्ताच बघतो, माया आणि विश्वास त्याच्या हातून निसटतात. नवीन पान आलं त्यावर कुठल्याच सिद्धांतापुढं उदाहरण नव्हतं. दोन प्रश्न होते आणि खाली रिकामी जागा, ज्यानं त्यानं आपलं घर आणि आपलं काम लिहायला.

जून उजाडला. दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला मी कॉलेजात गेले, तर त्याच दिवशी तासिकेच्या मुलाखती. उमेदवार दोन. मॅडम, आणि बाहेरून आलेले एक पीएचडी झालेले गृहस्थ. समितीपुढं दहा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं, त्यासाठी शिपायानं प्रवेशाच्या रांगेतून दहाबारा जणांना वर्गात नेऊन बसवलं. मी पहिल्या बाकावर.

समितीत प्राचार्य, वीरधवल सर आणि कोल्हापूरहून आलेल्या तज्ज्ञ बाई. विषय दोघांना तोच, प्रकार्यवाद आणि संघर्ष सिद्धांत. गृहस्थ चांगलं बोलले, पण बोलणं आमच्या डोक्यावरून गेलं. मग मॅडम उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत. त्यांनी दोन प्रश्न मांडले, केळीची वखार घेतली, हमालापासून गाडेवाल्यापर्यंत सगळ्यांना दोन्ही प्रश्न विचारले. दहा मिनिटांत संपवलं.

वीरधवल सरांनी जुनं पान काढून टेबलावर ठेवलं. "ह्या पानामुळं अडतीस विद्यार्थ्यांचं उत्तर चुकलंय. समितीनं हे लक्षात घ्यावं."

"पान माझंच आहे," मॅडम म्हणाल्या. "चूकही."

तज्ज्ञ बाईंनी पान उचलून वाचलं. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं. "त्या अडतीसपैकी इथं कुणी आहे का?"

पोरं खाली बघायला लागली. मी उभी राहिले.

"सांगा, संघर्ष दृष्टिकोनातून कुटुंब."

पाठ केलेलं उत्तर माझ्याकडं होतं. ते म्हटलं असतं तर माझी लाज झाकली असती. पण पुस्तकातलं कुणालाही पाठ होतं, त्यानं मॅडम शिकवतात हे काय सिद्ध झालं असतं? मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी हळूच मान हलवली, नको काकू, अशी. आपली नोकरी टांगलेली आणि बाई माझी अब्रू जपत होती! मग तर मला बोलायलाच पाहिजे होतं.

मी सगळं सांगितलं. आमचं घर कसं झकास चालतं ते, आणि माझा डबा कोण भरतं ते. परीक्षेत 'आवाज चढला नाही' म्हणून काय लिहिलं ते. सून शिकायची थांबली, ती कुणी थांबवली नाही, तिला कुणी विचारलंच नाही, आणि विचारणं माझ्या हातात होतं. "भांडण नव्हतं बाई," मी म्हटलं, "म्हणून मला दिसलंच नाही."

"मग दोन्हीपैकी खरा सिद्धांत कोणता?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय विचारताय त्याच्यावर हाय," मी म्हटलं. घाईत गावाकडची बोली तोंडात आली ती आलीच. "घर कसं चालतं विचारलं तर पहिला. कुणाच्या जिवावर चालतं विचारलं तर दुसरा. एकच विचारून बसलं की अर्धंच घर दिसतंय."

तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आणि सून आता?"

"तिचा अर्ज परवा भरला. आज भाकरी मी केल्यात. आमच्या ह्यांनी निम्म्या कुत्र्याला घातल्या."

प्राचार्य खो खो हसले. वीरधवल सरांनी जुनं पान घडी करून खिशात घातलं.

दुपारी तीनला यादी बोर्डावर लागली. आम्ही दोघी कँटीनपासून पळतच आलो, म्हणजे मॅडम पळत आणि मी धापा टाकत. नाव होतं! सुमैरा वाजिद बागवान. मी त्यांना तिथंच मिठी मारली आणि भोकाड पसरलं. पोरं फोनवर फोटो काढत होती, काढोत. मॅडमचे डोळेही भरले होते, पण त्या पुढं वाचत होत्या. नावापुढं लिहिलं होतं, तासिका तत्त्वावर, एका शैक्षणिक वर्षासाठी.

मी डोळे पुसले. ती ओळ पुन्हा वाचली. आठ वर्षं झाली, हे नववं.

"म्याडम," मी म्हटलं, "कॉलेज कसं चालतं ते मला कळलं. आता दुसरा प्रश्न विचारू का?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना कळलं मी काय म्हणते ते. एरवी त्या "चालतंय काकू" म्हणाल्या असत्या. त्या दिवशी तसं म्हणाल्या नाहीत.

"विचारा," त्या म्हणाल्या. "पण मोठ्यानं विचारा."

वीरधवल सर आणि प्राचार्य बोर्डाजवळच उभे होते. मी मोठ्यानं विचारला.